मालमत्तेचे मूळ दस्त गहाळ झाल्यास : पोलीस नोंद, प्रतिज्ञापत्र आणि क्षतिपूर्ती बंधपत्र

घर किंवा जमीन विकताना, तारण ठेवताना अथवा वारसांच्या नावे करताना मूळ खरेदीखत सापडत नाही, असा प्रसंग अनेक कुटुंबांवर येतो. अशा वेळी पोलिसांकडील गहाळ नोंद, प्रतिज्ञापत्र आणि क्षतिपूर्ती बंधपत्र, म्हणजेच व्यवहारात ज्याला इंडेम्निटी बाँड म्हणतात ते, अशी तीन कागदपत्रे मागितली जातात. या तिन्हींपैकी एकही मूळ दस्ताची जागा घेत नाही. ती जागा दुय्यम निबंधक कार्यालयातून मिळणारी प्रमाणित प्रत घेते. उरलेले तीन कागद मूळ दस्त का नाही, तो कोणाकडे गेलेला नाही आणि पुढे कोणी दावा केलाच तर नुकसान कोण सोसणार, या तीन प्रश्नांची उत्तरे देतात. ही उत्तरे एकमेकांशी जुळली नाहीत तर व्यवहार तेथेच अडतो.

मूळ दस्त नसल्याची भीती नेमकी कशाची?

दस्त नोंदणीकृत असेल तर त्यातील मजकूर निबंधक कार्यालयाच्या नोंदीत सुरक्षित असतो. नोंदणी अधिनियम, १९०८ च्या कलम ५७ नुसार स्थावर मालमत्तेच्या दस्तांची नक्कल कोणालाही शुल्क भरून मिळू शकते आणि मूळ दस्तातील मजकूर सिद्ध करण्यासाठी ती ग्राह्य धरली जाते. असे असूनही खरेदीदार आणि बँका मूळ दस्ताचा आग्रह धरतात. त्याचे कारण मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम ५८ मध्ये आहे. मुंबई, कोलकाता, चेन्नई आणि शासनाने अधिसूचित केलेल्या शहरांत मालकी हक्काचे मूळ दस्त कर्जदात्याच्या हवाली करून गहाण निर्माण करता येते. त्यासाठी वेगळे गहाणखत नोंदवावेच लागते असे नाही.

म्हणून ज्याच्या हाती मूळ दस्त नाही, तो तारण ठेवून आला असण्याची शक्यता समोरच्याला गृहीत धरावी लागते. दस्त खरोखर घर बदलताना हरवला की सावकाराच्या कपाटात आहे, हे नुसते पाहून कळत नाही. पुढील सर्व मसुदा या एका शंकेचे निरसन करण्यासाठी असतो. ‘कागद हरवले आहेत’ एवढेच लिहिलेले प्रतिज्ञापत्र बँकेचे वकील परत पाठवतात ते यामुळेच.

एक उदाहरण

पुढील विवेचनासाठी एक काल्पनिक उदाहरण घेऊ. ठाण्यातील एक सदनिका पहिल्या खरेदीदाराने १२ मार्च १९९६ च्या नोंदणीकृत करारनाम्याने बांधकाम व्यावसायिकाकडून घेतली. सध्याच्या मालकाने ती २००८ मध्ये पहिल्या खरेदीदाराकडून घेतली आणि त्यासाठी बँकेचे गृहकर्ज काढले. कर्ज २०१९ मध्ये फिटले. मे २०२५ मध्ये मालक पुण्यात राहायला गेले. ऑगस्टमध्ये सदनिका विकण्याचे ठरले तेव्हा २००८ चा करारनामा हाती लागला, परंतु १९९६ चा मूळ करारनामा आणि त्याची नोंदणी पावती मिळाली नाही. खरेदीदार गृहकर्ज घेणार असल्याने त्याच्या बँकेला दस्तांची संपूर्ण साखळी हवी आहे.

पहिले पाऊल : दस्त शेवटचा कोणाकडे होता?

पोलीस ठाण्यात जाण्यापूर्वी जुन्या कर्जाची कागदपत्रे पाहावीत. कर्ज देताना बँक स्वीकारलेल्या मूळ दस्तांची यादी देते आणि कर्ज फिटल्यावर ते परत करताना पोच घेते. या दोन याद्या शेजारी ठेवून पाहिल्या की उत्तर बहुधा मिळते. १९९६ चा करारनामा पहिल्या यादीत असेल आणि परतीच्या पोचेत नसेल, तर तो मालकाकडून हरवलेला नसून बँकेकडेच राहिला आहे. अशा वेळी मालकाने ‘माझ्याकडून गहाळ झाला’ असे प्रतिज्ञापत्र केल्यास तो स्वतःचाच हक्क सोडून देतो.

रिझर्व्ह बँकेच्या १३ सप्टेंबर २०२३ च्या परिपत्रकानुसार, १ डिसेंबर २०२३ पासून गृहकर्जासह वैयक्तिक कर्ज पूर्ण फिटल्यानंतर ३० दिवसांत मूळ दस्त परत करणे कर्जदात्या संस्थेवर बंधनकारक आहे. संस्थेच्या कारणाने विलंब झाल्यास दिवसाला ५,००० रुपये भरपाई द्यावी लागते. दस्त संस्थेकडून हरवला किंवा खराब झाला, तर प्रमाणित प्रती मिळवून देण्यास साहाय्य करणे आणि त्याचा खर्च सोसणे हीदेखील तिचीच जबाबदारी ठरते. त्यासाठी तिला आणखी ३० दिवस मिळतात आणि विलंबाची भरपाई एकूण ६० दिवसांनंतर मोजली जाते. आपल्या उदाहरणातील कर्ज २०१९ मध्येच फिटल्याने हा नियम त्याला लागू होत नाही. मात्र परतीच्या पोचेत १९९६ च्या करारनाम्याचा उल्लेख आहे. म्हणजे दस्त २०१९ पासून मालकाच्या ताब्यात होता, हे कागदोपत्री ठरले. ही पोच पुढे प्रतिज्ञापत्राला जोडायची आहे.

याच टप्प्यावर सूची क्रमांक दोन, म्हणजे इंडेक्स टू, काढून दस्त क्रमांक, नोंदणीची तारीख, निबंधक कार्यालय, पक्षकारांची नावे आणि मिळकतीचे वर्णन टिपून घ्यावे. कर्नाटक, तमिळनाडू, तेलंगणा आणि आंध्र प्रदेशात राहणाऱ्या वाचकांना हा तपशील बोजा दाखल्यातून, म्हणजे एन्कम्ब्रन्स सर्टिफिकेटमधून, मिळतो. पुढचे तिन्ही कागद या एकाच टिपणावरून लिहावेत. स्मरणावर विसंबून लिहिलेला दस्त क्रमांक चुकतो, आणि चुकलेल्या क्रमांकाची पोलीस नोंद दुसऱ्याच दस्ताची ठरते.

पोलीस नोंद : एफआयआर नव्हे, गहाळ नोंद

कागद हरवणे हा गुन्हा नाही. त्यामुळे त्याची प्रथम खबर, म्हणजे एफआयआर, होत नाही. पोलीस ठाण्यात गहाळ वस्तूंच्या नोंदवहीत नोंद होते आणि तिचा शिक्क्यासह दाखला मिळतो. दिल्ली आणि मुंबईसह काही शहरांच्या पोलिसांनी अशी नोंद ऑनलाइन करण्याची सोय ठेवली आहे. ऑनलाइन नोंदीमागे पोलीस चौकशी झालेली नसते, म्हणून काही बँका ठाण्याच्या सहीशिक्क्याचा दाखला वेगळा मागतात. तमिळनाडूत पोलीस शोध घेऊन ‘दस्त मिळून येत नाही’ अशा अर्थाचा दाखला देतात. समोरच्या बँकेला कोणता दाखला चालतो, हे नोंद करण्यापूर्वीच लेखी विचारून घेणे श्रेयस्कर.

दस्त चोरीला गेला असेल तर बाब वेगळी होते. चोरी हा दखलपात्र गुन्हा असून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार पोलिसांनी प्रथम खबर नोंदवली पाहिजे. घरफोडीत पेटी गेली असताना केवळ ‘गहाळ’ लिहून घेणे, किंवा हरवले असताना प्रकरण लवकर हलावे म्हणून ‘चोरी’ लिहिणे, या दोन्ही गोष्टी पुढे अंगलट येतात.

नोंद ज्या हद्दीत दस्त हरवला तेथे करावी. आपल्या उदाहरणात दस्त सामान हलवताना हरवला, परंतु ठाणे सोडताना की पुण्यात पोहोचल्यावर, हे मालकाला निश्चित सांगता येत नाही. अशा वेळी जागा कल्पनेने ठरवू नये. ‘मे २०२५ मध्ये ठाणे येथून पुणे येथे घरसामान हलवताना गहाळ झाला, ५ ऑगस्ट २०२५ रोजी शोध घेतला असता मिळून आला नाही’ असे जसे घडले तसे लिहावे आणि सध्याच्या राहत्या घराच्या ठाण्यात नोंद करावी.

अर्जात पाच गोष्टी असाव्यात : दस्ताचे नाव, क्रमांक, तारीख व निबंधक कार्यालय, मिळकतीचे पूर्ण वर्णन, दस्त शेवटचा केव्हा व कोठे पाहिला, गहाळ झाल्याचे केव्हा लक्षात आले, आणि नोंदणी पावती, भाग दाखला, वाटपपत्र यांपैकी आणखी काय हरवले. ‘घराचे सर्व कागद’ असा मोघम उल्लेख निरुपयोगी असतो. दाखला हाती पडताच ठाण्यातच वाचून पाहावा, कारण चूक त्याच दिवशी दुरुस्त करून घेणे सोपे असते.

जाहीर सूचना आणि प्रमाणित प्रत

नोंदीनंतर वकिलामार्फत वृत्तपत्रांत जाहीर सूचना दिली जाते. एक स्थानिक भाषेतील आणि एक इंग्रजी अशा दोन वृत्तपत्रांत ती देण्याची आणि हरकतींसाठी १४ किंवा १५ दिवसांची मुदत ठेवण्याची प्रथा आहे. सूचना मिळकत जेथे आहे तेथील आवृत्तीत हवी. सदनिका ठाण्यात असताना सूचना केवळ पुणे आवृत्तीत आली, तर ज्याचा दावा असू शकतो त्याच्या नजरेस ती पडणार नाही. मुदत संपल्यावर ‘कोणाचीही हरकत आली नाही’ असे वकिलाचे पत्र घ्यावे.

या मुदतीत दुय्यम निबंधक कार्यालयाकडे प्रमाणित प्रतीसाठी अर्ज करावा. त्याबरोबरच केंद्रीय तारण नोंदवहीत, म्हणजे सेरसाईच्या नोंदीत, त्या मिळकतीवर तारण आहे का, याचा शोध घ्यावा. महाराष्ट्रात २०१३ पासून दस्त ठेवून केलेल्या गहाणाची सूचना ३० दिवसांत निबंधकांकडे दाखल करण्याचे बंधन आहे, त्यामुळे तेथेही शोध घेता येतो. हे दोन्ही शोध निरंक आले तरी खासगी सावकाराकडे पूर्वी ठेवलेल्या दस्ताची शक्यता पूर्णपणे मावळत नाही. उरलेल्या तेवढ्या जोखमीसाठीच बंधपत्र असते.

प्रतिज्ञापत्राचा मसुदा

प्रतिज्ञापत्र जाहीर सूचनेची मुदत संपल्यावर करावे. आधी केल्यास त्यात हरकत न आल्याचे कथन येत नाही आणि दुसरे करावे लागते. काही पोलीस ठाणी नोंदीपूर्वी छोटे प्रतिज्ञापत्र मागतात. ते वेगळे समजावे व त्यातील मजकूर पुढील प्रतिज्ञापत्राशी जुळता ठेवावा. आपल्या उदाहरणासाठी मुख्य परिच्छेद असे होतील :

“मी, खाली सही करणार, (नाव, वय, व्यवसाय, पत्ता), सत्यप्रतिज्ञेवर कथन करतो की,

१. (मिळकतीचे वर्णन) ही सदनिका मी दिनांक (…) रोजीच्या, दस्त क्रमांक (…) या नोंदणीकृत करारनाम्याने खरेदी केली असून ती आजही माझ्या एकट्याच्या मालकीची व ताब्यात आहे.

२. याच सदनिकेचा दिनांक १२ मार्च १९९६ रोजीचा, दस्त क्रमांक (…) हा मूळ करारनामा व त्याची नोंदणी पावती बँकेने मला दिनांक (…) रोजी परत केली. पोचेची प्रत सोबत जोडली आहे.

३. सदर करारनामा व पावती मे २०२५ मध्ये ठाणे येथून पुणे येथे घरसामान हलवताना गहाळ झाली. कसून शोध घेऊनही ती मिळून आलेली नाही.

४. सदर मूळ करारनामा मी कोणाकडेही विक्री, गहाण, तारण, हमी अथवा अन्य कोणत्याही कारणाने दिलेला किंवा ठेवलेला नाही, आणि त्याआधारे कोणाकडूनही रक्कम घेतलेली नाही.

५. गहाळ झाल्याची नोंद (…) पोलीस ठाण्यात दिनांक (…) रोजी क्रमांक (…) अन्वये केली आहे. दिनांक (…) रोजी (…) या वृत्तपत्रांत जाहीर सूचना दिली असून मुदतीत हरकत आलेली नाही.

६. मूळ दस्त मिळाल्यास मी तो वापरणार नाही व (खरेदीदाराचे नाव) यांना विनाविलंब देईन.”

यातील चौथा परिच्छेद सर्वांत महत्त्वाचा आहे. दस्त तारण ठेवलेला नाही, हे स्वतंत्र वाक्यात यायला हवे. ‘मिळकत बोजाविरहित आहे’ या सर्वसाधारण वाक्याने ती गरज भागत नाही. मालक एकाहून अधिक असतील तर प्रत्येकाने कथन केले पाहिजे, कारण पतीने दस्त तारण ठेवलेला नाही याची खात्री पत्नीच्या एकटीच्या प्रतिज्ञापत्रातून मिळत नाही. दस्त वडिलांच्या ताब्यात असताना हरवला असेल, तर मुलाने ‘माझ्या हातून हरवला’ असे लिहू नये. वैयक्तिक माहितीवर आधारलेले कथन कोणते आणि कुटुंबीयांकडून कळलेले कोणते, हे सत्यापनात वेगळे दाखवावे. खोटे प्रतिज्ञापत्र करणे भारतीय न्याय संहितेनुसार शिक्षापात्र आहे.

क्षतिपूर्ती बंधपत्राचा मसुदा

प्रतिज्ञापत्र हे कथन असते, तर बंधपत्र हा करार असतो. भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम १२४ नुसार, लिहून देणाऱ्याच्या किंवा अन्य कोणाच्या कृत्यामुळे होणारे नुकसान भरून देण्याचे वचन म्हणजे क्षतिपूर्तीचा करार. त्यामुळे ते कोणाच्या लाभात आहे, याचे नाव बंधपत्रात असावेच लागते. विक्रेता ते खरेदीदाराला देतो. खरेदीदाराची बँक आणि भाग दाखल्याची दुसरी प्रत देणारी गृहनिर्माण संस्था आपापल्या नावे वेगळे मागू शकतात.

मुख्य कलम साधारण असे असते : “वर नमूद केलेला मूळ करारनामा उपलब्ध नसल्यामुळे, अथवा त्याच्या आधारे कोणीही केलेल्या दाव्यामुळे, लिहून घेणार यांना जे नुकसान, खर्च किंवा दायित्व सोसावे लागेल ते मी, माझे वारस व कायदेशीर प्रतिनिधी भरून देऊ.” छापील नमुन्यांत याऐवजी ‘मिळकतीसंबंधी कोणताही दावा’ असे शब्द आढळतात. विक्रेत्याने तेथे थांबून वाचावे. त्या शब्दांनी सीमेचा वाद, संस्थेची थकबाकी, बांधकामातील अनियमितता अशा दस्त हरवण्याशी संबंध नसलेल्या सर्व बाबींची जबाबदारी त्याच्यावर येते. खरेदीदाराला ती हमी हवी असल्यास ती खरेदीखतात स्वतंत्रपणे मागता येते.

कलम १२५ नुसार लाभार्थ्याला दाव्यात द्यावी लागलेली भरपाई, दाव्याचा खर्च आणि तडजोडीची रक्कम मिळू शकते. मात्र त्याने लिहून देणाऱ्याच्या आदेशाविरुद्ध न वागता विवेकाने वागलेले असावे लागते. म्हणून दावा आल्यावर लाभार्थ्याने किती दिवसांत, समजा १५ दिवसांत, लेखी कळवावे आणि बचाव करण्याची संधी द्यावी, हे बंधपत्रात लिहून ठेवणे दोघांच्याही हिताचे असते. रकमेची कमाल मर्यादा, बहुधा विक्रीची किंमत, आणि कालमर्यादाही ठरवता येते. गहाणाचे पैसे मिळकतीतून वसूल करण्याच्या दाव्याची मुदत, पैसे देय झाल्यापासून, १२ वर्षे असल्याने खरेदीदार बहुधा त्याहून कमी मुदतीस मान्यता देत नाही.

बंधपत्राचे बळ लिहून देणाऱ्याच्या ऐपतीइतकेच असते. विक्रेता परदेशी स्थायिक होणार असेल किंवा ही त्याची एकमेव मालमत्ता असेल, तर खरेदीदाराने ऐपतदार जामीनदाराची सही मागावी अथवा किमतीचा काही भाग ठरावीक काळ राखून ठेवण्याचे ठरवावे. लिहून देणाऱ्याच्या मृत्यूनंतर वारसांची जबाबदारी त्यांना वारशाने मिळालेल्या मालमत्तेपुरतीच राहते.

मुद्रांक, सह्या आणि नोटरी

मुद्रांक शुल्क राज्यानुसार बदलते. महाराष्ट्रात ऑक्टोबर २०२४ पासून प्रतिज्ञापत्रासाठी १०० ऐवजी ५०० रुपयांचा मुद्रांक लागतो. मुद्रांक पक्षकाराच्या नावे घ्यावा आणि घेतल्यापासून सहा महिन्यांत वापरावा. प्रतिज्ञापत्र व बंधपत्र एकाच मुद्रांकावर लिहू नये, कारण ते दोन वेगळे दस्त आहेत. प्रत्येक पानावर सही, बंधपत्रावर दोन साक्षीदार आणि नोटरीच्या नोंदवहीतील क्रमांक व तारीख असल्याची खात्री करावी. मालक परदेशी असल्यास भारतीय दूतावासात शपथ घेऊन सही करता येते. असा दस्त भारतात आल्यावर तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक भरावा लागतो.

जेथे हे कागद पुरत नाहीत

मूळ दस्त नोंदणीकृतच नसेल तर प्रमाणित प्रत मिळण्याचा प्रश्न येत नाही. वाटपपत्र किंवा भाग दाखला ज्या संस्थेने दिला तिच्याकडून दुसरी प्रत घ्यावी लागते. साध्या कागदावरचा जुना करार हरवला आणि त्यावर पुरेसा मुद्रांक नव्हता, तर त्याची छायाप्रत न्यायालयात पुरावा म्हणून स्वीकारली जात नाही. कितीही भक्कम बंधपत्र ही उणीव भरून काढू शकत नाही. तेथे मूळ पक्षकारांकडून किंवा त्यांच्या वारसांकडून नवा दस्त करून घेणे हाच मार्ग उरतो.

आपल्या उदाहरणात मात्र संच पूर्ण होतो : १९९६ च्या करारनाम्याची प्रमाणित प्रत, बँकेची परतीची पोच, पोलीस दाखला, जाहीर सूचनेची कात्रणे व वकिलाचे पत्र, प्रतिज्ञापत्र आणि बंधपत्र. बँकेकडे देण्यापूर्वी या सर्वांतील दस्त क्रमांक, तारीख, सदनिकेचे वर्णन आणि हरवल्याचा वृत्तान्त ओळीने ताडून पाहावा. पोलीस दाखल्यात ‘रेल्वेत’ आणि प्रतिज्ञापत्रात ‘घर बदलताना’ असा फरक दिसला, तर बँकेला दोन्ही कागदांवर अविश्वास दाखवण्यास ते कारण पुरेसे ठरते. हा संच पुढे खरेदीदाराने मूळ दस्ताप्रमाणेच जपावा, कारण पुढच्या प्रत्येक विक्रीच्या वेळी १९९६ चा दस्त कोठे आहे, हा प्रश्न त्यालाही विचारला जाणार आहे.